डावीकडची दोरी

"चटणी करायची बंद केलीस का गं?" ह्यांनी विचारलं.

इस्पितळातून घरी येऊन फार दिवस झाले नव्हते. चटणी ताटात होती. डावीकडे, लिंबाच्या फोडीजवळ, जिथे आमच्या घरात ती कायम असते. मीठ वरती मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिली शिकवलेली गोष्ट ही. मी बोट लावून दाखवली. ह्यांनी मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "हां. आत्ता वाढलीस."

मी वाद घातला नाही. आजारी माणसाशी चटणीवरून काय भांडायचं? ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून स्वच्छ आणि डावीकडचा भात तसाच. मला वाटलं, भूक मेली आहे.

आमचे हे फिजिक्स शिकवायचे. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर क्लास आहे, बारावीच्या आणि इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षांचा. ह्यांनी आणि आणखी दोघांनी मिळून काढलेला. ते दोघे राहिले नाहीत. आता ह्यांचाच एक जुना विद्यार्थी तो चालवतो. त्याला मी चालकच म्हणते, नावं घालायची नाहीत असं ठरवलंय म्हणून. माणूस चांगला. ह्यांना सर म्हणतो, मला काकू. ह्यांच्यासमोर अजून खुर्चीत टेकून बसत नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली होती. वाचा गेली नाही, हे केवढं नशीब असं जो येईल तो म्हणायचा. डावा हात थोडा लुळा पडला होता, तोही हळूहळू उचलायला लागले. पाय ठीक. बोलणं तर पूर्वीइतकंच तिखट. बघायला आलेल्या एकाने विचारलं, "कसं वाटतंय आता?" तर म्हणाले, "तुम्ही आलात, त्याआधी बरं वाटत होतं." सगळे हसले. मीही हसले. जीभ शाबूत म्हणजे माणूस शाबूत, असंच आपण धरून चालतो.

घरी सोडताना डॉक्टर जाता जाता म्हणाले होते, "डाव्या बाजूचं भान थोडं कमी राहील काही दिवस." आम्हाला वाटलं, हाताबद्दल बोलताहेत.

ह्यांना एकच ध्यास होता. नवी बॅच. मेकॅनिक्स मीच शिकवणार, कप्प्या मीच शिकवणार. ज्या माणसाने आयुष्यभर फळ्याशिवाय दुसरं काही बघितलं नाही, त्याला घरी बसवून ठेवायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. चालकालाही कळत होतं. तो म्हणाला, "सर, आधी एक लेक्चर घेऊन बघा. दमणूक होते का पाहू. मग बॅचचं ठरवू."

"परीक्षा घेतोस माझी?" हे म्हणाले.

"नाही सर."

"घे की. तुझी मी घेतली होती. तेव्हा तू साध्या बेरजाही बोटांवर मोजत होतास."

आता इथे मला माझं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मॅट्रिक. पुढे शिकायचं राहिलं ते राहिलंच. पण माझं अक्षर आणि हात चांगला, म्हणून क्लासच्या नोट्समधल्या आकृत्या माझ्याकडे आल्या. तेव्हा स्टेन्सिलचा मेणकागद असायचा. त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीने रेघा कोरायच्या. जास्त जोर दिला तर कागद फाटतो, कमी दिला तर शाई उतरत नाही. पुढे कॉम्प्युटर आला, तेही मी चाचपडत शिकले. पण आकृती काढायची तर काय काढतोय हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. मग विचारायची. मग ह्यांच्याच नोट्स वाचायची. विकलन मला स्वयंपाकघरात कळलं, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात.

कप्प्यांचं प्रकरण माझं सगळ्यात आवडतं. सांगते, सोपं आहे. दोरी ताणत नाही, सैल पडत नाही, असं धरायचं. म्हणजे तिची लांबी ठरलेली. परकराची नाडी बघा. एका बाजूने चार बोटं ओढून घेतली की दुसऱ्या बाजूने चार बोटं आत गेलीच. नाडी काही लांब होत नाही. तसंच हे. दोरी एकच असते, पण कप्प्यांवरून वळत वर-खाली गेली की तिचे उभे पदर दिसतात. समजा, एक ठोकळा कप्पीला टांगलाय आणि ती कप्पी दोन पदरांवर लोंबते आहे. तो ठोकळा एक बोट खाली यायचा तर दोन्ही पदर एकेक बोट लांबायला हवेत. म्हणजे दोन बोटं दोरी लागली. ती येणार कुठून? दुसऱ्या टोकाकडून. तिथला ठोकळा दोन बोटं वर गेलाच पाहिजे. जे अंतराचं तेच वेगाचं, आणि जे वेगाचं तेच त्वरणाचं. एकाचं त्वरण दुसऱ्याच्या दुप्पट. वजनं किती, ताण किती, हे नंतरचं. आधी दोरी काय म्हणते ते लिहायचं.

हे शिकवताना ह्यांचा एक हट्ट असायचा. अंतरं छतापासून मोजा. पोरं हलत्या कप्पीपासून मोजायची आणि गोत्यात यायची. हे म्हणायचे, "जिला स्वतःलाच एका जागी राहता येत नाही, तिच्यापासून काय मोजता? छत हलत नाही. छताला विचारा."

लेक्चरच्या दिवशी मी बरोबर गेले. शेवटच्या बाकावर बसले, चालक दाराशी उभा. क्लासमध्ये पहिल्यापासूनची पद्धत अशी की दारातून आत आल्यावर एका अंगाला मुलींची बाकं, दुसऱ्या अंगाला मुलांची. फळ्याकडे पाठ करून उभं राहिलं की मुली डाव्या हाताला येतात.

मुलांना ठाऊक होतं सर आजारातून उठलेत. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. ह्यांनी खडू घेतला आणि फळ्याच्या मध्यापासून लिहायला सुरुवात केली. डावा अर्धा फळा कोरा. मला वाटलं, तिकडे आकृती काढणार असतील. आकृतीही उजवीकडेच काढली, दाटीवाटीने.

पहिला प्रश्न साधा, मघाशी मी सांगितला तोच. दुप्पट. हे न बघताही सांगतील. माझा जीव भांड्यात पडला.

दुसरा प्रश्न नोट्समधला. आकृती माझीच, किती वर्षांपूर्वी काढलेली. ठोकळा A जरा मोठा, त्याला वरती एक कप्पी. छताला दोन कप्प्या. दोरी A च्याच डाव्या कडीला बांधलेली, तिथून वर छताच्या पहिल्या कप्पीवरून जाते, खाली येऊन A च्या कप्पीखालून वळते, पुन्हा वर दुसऱ्या कप्पीवरून जाते आणि उजवीकडे खाली येते. तिथे ठोकळा B. म्हणजे A वर तीन पदर. A एक बोट खाली तर B तीन बोटं वर. B चं त्वरण A च्या तिप्पट.

ह्यांनी B पासून काढायला घेतलं. वर, कप्पीवरून, खाली A कडे, वळून पुन्हा वर, छताच्या पहिल्या कप्पीपर्यंत. आणि तिथे खडू थांबला. तिथून डावीकडे उतरून A च्या कडीला जाणारा पदर काढलाच नाही. दोरी जणू त्या कप्पीलाच बांधलेली. बघणाऱ्याला आकृती अगदी पुरी वाटावी.

"लांबी लिहा," हे म्हणाले. "दोन एक्स ए अधिक एक्स बी बरोबर स्थिर. कप्पीवरचा भाग बदलत नाही, तो सोडा. दोनदा विकलन करा. बी चं त्वरण किती? दुप्पट. दिशा उलट. चला पुढे."

मुलांनी नोट्स उघडून बघितल्या. कुजबुज झाली. मुलींच्या बाकावरून एक हात वर गेला. चष्मा लावलेली, वेणी घातलेली मुलगी. हात तसाच वर. ह्यांची नजर फिरली ती मध्यापासून उजवीकडे, मुलांवरून, खिडकीपर्यंत, आणि परत फळ्याकडे. तिने हात आणखी उंच केला. पुन्हा तेच. शेवटी ती हात वर ठेवूनच बोलली.

"सर, स्ट्रिंग तर ए ला पण टाय केलीय ना? म्हणजे थ्री होईल."

ह्यांनी मान वळवली, उजवीकडे. पहिल्या बाकावरच्या मुलाकडे बघून म्हणाले, "कुठे बांधलीय? आकृती बघ. आणि आवाज काढायची हौस असेल तर गाण्याच्या क्लासला जा, पलीकडच्या गल्लीत आहे."

"सर, मी नाही बोललो," तो मुलगा म्हणाला.

"मग काय भिंत बोलली?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग ते हसू आपोआप थांबलं. ती मुलगी अजून हात वर करून होती आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, एक सर सोडून. तिने हात हळूच खाली घेतला. त्यानंतर तासभर कुणी काही विचारलं नाही. सरांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी मुकाट्याने उतरवून घेतलं.

बाहेर आल्यावर हे खूष होते. "पोरं शहाणी आहेत ह्या वेळची. चुळबुळ नाही, काही नाही. एक तेवढा वात्रट आहे."

जिन्यात चालकाने मला मागे थांबवलं. डोळे भरलेले. "काकू, सरांना कप्प्यांत चूक करताना मी कधी बघितलं नाही. विसरलेत का हो सगळं?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"मी सरांना नको म्हणू शकत नाही. त्यांनी मला शिकवलंय. तुम्हीच सांगा. तब्येतीचं कारण द्या. जिने चढायचे नाहीत, डॉक्टर नको म्हणाले, काहीही."

घरी येईपर्यंत मी 'विसरलेत का' ह्याचाच विचार करत होते. पण ते मला पटेना. विसरले असते तर समीकरण चुकलं असतं. समीकरण चुकलं नव्हतं. जी आकृती त्यांनी काढली होती तिचं उत्तर दुप्पट हेच बरोबर. चुकली होती ती आकृती. राहून राहून मला चटणी आठवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बटर पेपर घेतला आणि तीच आकृती जशीच्या तशी काढली. नीट, मोठी. ह्यांच्यासमोर ठेवली. "किती?"

"कालच सांगितलं. दुप्पट. तुला आता प्रवेश परीक्षेला बसायचंय का?"

मग मी कागद उचलला, आत गेले, आणि परत आले ती कागद पालथा करून. बटर पेपर आरपार दिसतो. आकृती तीच, पण आरशातली. आता B डावीकडे गेला आणि A चे पदर उजवीकडे आले. दोरी तीच, ठोकळे तेच. छताला काय, डावं आणि उजवं सारखंच. उत्तर बदलायचं कारण नाही. बदललं तर समजायचं, बघणाऱ्यात काहीतरी आहे.

ह्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा प्रश्न अर्धवट आहे," ते म्हणाले.

"का हो?"

"ए तीन पदरांवर लोंबतोय हे ठीक. पण दोरीचं दुसरं टोक कुठंय? छताच्या कप्पीवरून गेली आणि संपली. तिकडे ठोकळा टांगायला विसरलीस. इतकी वर्षं आकृत्या काढतेस, आणि टोक मोकळं सोडतेस?"

तीन. स्वतःच्या तोंडाने तीन म्हणाले. काल जो पदर नव्हता तो आज उजवीकडे आल्याबरोबर दिसला, आणि काल जो ठोकळा दिसत होता तो डावीकडे गेल्याबरोबर नाहीसा झाला. फिजिक्स सगळं होतं. एक रेघही पुसली गेली नव्हती. जग तेवढं अर्धं झालं होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. विसरले असते तर पुन्हा शिकले असते हो. मी शिकवलं असतं.

डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी कागदावर एक आडवी रेघ ओढून ह्यांना म्हटलं, मध्यावर खूण करा. ह्यांनी केली ती पार उजवीकडे. डॉक्टरांनी मला बाहेर समजावलं. डोळे चांगले आहेत, पण मेंदू डावीकडचं हिशोबात घेत नाही. डावीकडे काही आहे, हेच त्याला माहीत नाही. थोडं सुधारतं, पूर्ण सुधारेलच असं नाही. आणि पेशंटला पटवून देणं फार अवघड असतं, कारण आपल्याला काही कमी दिसतंय असं त्याला वाटतच नाही.

"गाडी चालवू देऊ नका," ते म्हणाले. "आणि शिकवणं…" त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली.

घरी चालकाचा फोन. "काकू, सांगितलंत का? पुढच्या आठवड्यात बॅच सुरू होतेय."

मी ह्यांना आडून आडून सांगून बघितलं. डॉक्टर म्हणतात, डावीकडचं दिसत नाही तुम्हाला.

"सगळं दिसतंय मला."

"रेघेचा मध्य चुकलात."

"त्याची रेघ वाकडी होती. आणि कप्प्यांचं काय म्हणतेस ते मला सांगू नकोस. दुप्पट म्हणजे दुप्पट. क्लासवर कळव, सोमवारी येतोय."

तब्येतीचं खोटं कारण देणं सोपं होतं. पण मग हे उरलेलं आयुष्य माझ्यावर आणि त्या भल्या माणसावर रागावून काढणार होते, की मला धडधाकट असताना घरी बसवलं. आणि खरं सांगू? त्यांच्याशी फिजिक्समध्ये खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

माळ्यावर एक लाकडी चौकट होती. ह्यांनी पूर्वी मुलांना दाखवायला करून घेतलेली. वरच्या आडव्या पट्टीला कप्प्या, हुक, खाली वजनं अडकवायची. मी खाली उतरवली, धूळ पुसली, नवी दोरी आणली. आकृतीसारखंच सगळं ओवलं. A च्या डाव्या कडीला गाठ, वर, खाली, वर, खाली, B. आणि जेवणाच्या टेबलावर ह्यांच्यासमोर ठेवली.

"हे काय आता?"

"प्रयोग. B उजवीकडे आहे. पट्टी लावा आणि मोजा. मी A खाली ओढते."

माझ्याकडे असं बघितलं, की जणू बायको कामातून गेली. पण पट्टी घेतली. वस्तू समोर असली की मोजल्याशिवाय राहवायचं नाही त्यांना. मी A दोन बोटं खाली ओढला. तेवढं त्यांनी स्वतः पट्टीवर तपासलं, A मध्यात होता, तो दिसत होता.

"B किती वर गेला?" मी विचारलं.

"चार बोटं जाणार."

"जाणार नव्हे. किती गेला?"

त्यांनी पट्टी लावली. पुन्हा लावली. "सहा," ते म्हणाले. "तू जास्त ओढलास."

"तुम्ही ओढा."

उजव्या हाताने त्यांनी स्वतः A वर घेतला, खाली ओढला, मोजला. मग B मोजला. सहा. मग एक बोट ओढला. तीन. दोरी सैल तर पडत नाही ना म्हणून B ला हात लावून बघितला. दोरी ताठ. दोरी ताणतेय का म्हणून खेचून बघितली. ताणत नव्हती.

मी चाळीस वर्षं ह्या माणसाला विचार करताना बघितलंय. खालचा ओठ दातात धरतात. तसा धरला.

"छत हलतंय का?" हळूच विचारलं.

"नाही. मी चौकट धरली आहे."

"दोन पदरांना दुप्पट. तिप्पट येतंय म्हणजे पदर तीन असले पाहिजेत." जरा थांबले. "मला दोन दिसतात."

मी चौकट तशीच घट्ट धरून ठेवली.

"दुसरा कुठला मार्ग नाही," ते म्हणाले, माझ्याशी नव्हे, जसे फळ्याशी बोलायचे तसे. "लांबी ठरलेली आहे. तिप्पट यायला तिसरा पदर लागतोच. तो आहे. आणि मला दिसत नाही."

मी त्यांचा उजवा हात धरला आणि डावीकडे नेला. पहिल्या पदराला बोट लागलं. दुसऱ्याला. मग आणखी डावीकडे. बोट तिसऱ्या पदराला लागलं तेव्हा ते दचकले, अंधारात पायाला काही लागावं तसे. बोटांनी तो पदर वरपासून खालपर्यंत चाचपला. गाठीपर्यंत आले. गाठ चाचपली.

"ही तू बांधलीस?"

"हो."

"त्या दिवशी वर्गात पण होता का हा पदर?"

"नोट्समध्ये होता. तुम्ही फळ्यावर काढला नाहीत."

"कुणीतरी तीन म्हणालं होतं. मी त्या पोराला बोललो."

"तो नव्हता बोलला. मुलगी बोलली होती. डावीकडच्या बाकावरून. हात वर करून बसली होती ती, बराच वेळ."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेबद्दल मला लिहिता येत नाही.

"डावीकडे बाकं होती?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी फोन त्यांनी स्वतः केला. चालकाला म्हणाले, "त्या प्रश्नाचं उत्तर तिप्पट आहे. मुलांना सांग, सरांची आकृती चुकली. ती मुलगी कोण आहे बघ, तिला सांग की तिचं बरोबर होतं. आणि कप्प्या तू शिकव." पलीकडून तो काहीतरी बोलत राहिला. हे ऐकत होते. मग म्हणाले, "रडू नकोस. छतापासून मोजायला सांग त्यांना, तेवढं विसरू नकोस," आणि फोन ठेवला.

गोष्ट इथे संपली असती तर मीही समाधान मानलं असतं. पण ह्या दुखण्याची तऱ्हा अशी की पटलेलं टिकत नाही. समजलेलं असतं, पण दिसत तर काही नसतं. जे दिसत नाही ते नाहीच, असं मन पुन्हा धरून बसतं. सोमवारी सकाळी आंघोळ करून, एकाच गालाची दाढी करून, हे तयार होऊन बसले. "चल, उशीर होतोय. बॅच आहे ना?"

मी चौकट पुढे ठेवली. ह्यांनी A ओढला, B मोजला. पुन्हा तोच ओठ दातात. पुन्हा हात डावीकडे, पदर शोधत. ह्या वेळी त्यांना माझी मदत लागली नाही, आणि तेच बघवेना. जो माणूस आपलं वाईट एकदाच ऐकतो तो सुटला. ह्यांना ते परत परत शोधून काढावं लागतं, आणि दर वेळी ते नवं असतं.

चौकट आता टेबलावरच असते. चालक येतो अधूनमधून, उजव्या बाजूच्या खुर्चीत बसतो. बॅचचं काही बोलत नाही. त्या मुलीने एकदा त्याच्याबरोबर एक कागद पाठवला होता, तसलाच एक प्रश्न, दोन हलत्या कप्प्यांचा, सर हा बघाल का म्हणून. मी तो आधी बटर पेपरवर उतरवला, उलटा-सुलटा दोन्ही बाजूंनी, आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. दोन्हीकडचे पदर वेगवेगळे मोजून त्यांनी तासाभराने जुळवलं. उत्तर बरोबर आलं. पूर्वी चहा थंड व्हायच्या आत आलं असतं.

ताट मी उलटं वाढत नाही. आमच्यात ते चांगलं समजत नाहीत, आणि माझाही हात धजावत नाही. जेवण अर्धं झालं की उठते आणि ताट फिरवते. चटणी उजवीकडे येते. ह्यांना ती दर वेळी नवी वाढल्यासारखी वाटते.

परवा मी त्यांच्या डावीकडे उभी राहून पोळी वाढत होते. ते चौकटीची दोरी चाचपत बसले होते. हात तिसऱ्या पदरावर होता.

"अगं," त्यांनी आतल्या दाराकडे, उजवीकडे बघत हाक मारली. "तू इथे आहेस का?"

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. मान तिकडे वळली नाही. पण दोरी सोडून त्यांचा हात वर आला, आणि चाचपत चाचपत माझ्या बोटांपर्यंत पोचला.

"आहेस," ते म्हणाले. "चटणी केली नाहीस का आज?"

मी ताट फिरवलं.